आठ ग्लासांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. असरची नमाज झाली होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर बसून होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, "फजरची अजान झाली का ग?" खिडकीतून लख्ख ऊन आत येत होते. मला वाटले झोपेतून उठल्यामुळे गोंधळल्या असतील. पण थोड्या वेळाने त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातले आणि तो पिऊनही टाकला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

खरे तर दोन दिवसांपासून त्यांचे डोके जड होते, मळमळत होते, चालताना भिंतीचा आधार लागत होता. कुरुळीतला मे महिना, वर पत्र्याची खोली. ऊन बाधले असेल असे समजून आम्ही त्यांना आणखी पाणी पाजले. लिंबूपाणी दिले, तेही मिठाशिवाय, कारण त्यांना ब्लडप्रेशर आहे. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. ज्या गोष्टीने त्या आजारी पडल्या होत्या तीच आम्ही औषध म्हणून देत होतो.

रात्री दवाखान्यात नेले. अर्धांगाचा झटका असावा अशी भीती होती. तोंड वाकडे नाही, हातापायात ताकद आहे, हे पाहून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले. सोडियम आले 122. ते 135 ते 145 च्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले: "बीपीची गोळी कोणती चालू आहे? आणि दिवसाला पाणी किती पितात?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी मोठ्या अभिमानाने दिले. आमच्याकडे महिनाभरापासून नियम होता, दिवसाला आठ ग्लास. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला संदेश होता तो. मी शिक्षिका, त्यामुळे नियम म्हटला की तक्ता आलाच. फ्रिजवर कागद लावून प्रत्येक ग्लासामागे खूण करायला मुलांना सांगितले होते. अम्मी म्हणायच्या, "आता घशाखाली उतरत नाही ग." आम्ही म्हणायचो, एकच राहिला आहे, घ्या.

आमचा स्टीलचा ग्लास मी घरी येऊन मापला. औषधाच्या मापाने भरत गेले तर तो 310 मिलिलिटरचा निघाला. आठ ग्लासांचे झाले जवळजवळ अडीच लिटर. त्यात दोन कप चहा आणि रात्रीचा शोरबा धरला तर तीन लिटर. ज्या नियमात आठ ग्लास सांगितले जातात त्यातला ग्लास असतो साधारण 240 मिलिलिटरचा, म्हणजे एकूण दोन लिटरही नाही.

पण नुसत्या मोठ्या ग्लासाने हे घडले नव्हते. तरुण, धडधाकट माणूस तीन लिटर पाणी प्यायला तरी त्याला काही होत नाही. त्याचे मूत्रपिंड पातळ लघवी तयार करून जास्तीचे पाणी बाहेर टाकते. अम्मींची बीपीची गोळी थायाझाइड गटातली होती. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असे नाव असते, अनेकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. ही गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढते, त्याने रक्तदाब उतरतो. मात्र त्याच वेळी लघवी अगदी पातळ करण्याची मूत्रपिंडाची क्षमता ती कमी करते. त्यातून अम्मींचे जेवण म्हणजे अर्धी भाकरी आणि दोन चमचे खिचडी, तीही अळणी. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला थोडे मीठ आणि प्रथिनांतून तयार होणारा युरिया सोबतीला लागतो. जेवण कमी तर तेही कमी. मीठ बाहेर जात होते, पाणी आत साचत होते आणि रक्तातले सोडियम दिवसेंदिवस पातळ होत होते. मेंदूच्या पेशी अशा वेळी पाणी शोषून फुगतात, म्हणून डोके जड, म्हणून मळमळ, म्हणून फजर आणि असरची गल्लत.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, पाणी दिवसाला एक लिटरवर आणले आणि दर काही तासांनी रक्त तपासत सोडियम हळूहळू वर नेले. मी म्हटले, एकदम सलाइन देऊन का भरून काढत नाही? ते म्हणाले की फार वेगाने वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचे नसते. चौथ्या दिवशी अम्मी घरी आल्या, अल्लाहचा शुक्र. गोळी बदलली आहे. (ही गोळी लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही. हे वाचून कोणी आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती चालू असेल तर सोडियमची तपासणी कधी झाली होती, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.)

मग हा आठ ग्लासांचा नियम आला कुठून? मी बरीच शोधाशोध केली. अमेरिकेत 1945 साली तिथल्या अन्न आणि पोषण मंडळाने सांगितले होते की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते, म्हणजे खाल्लेल्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर. त्याच्या पुढच्याच वाक्यात म्हटले होते की यातले बरेचसे पाणी तयार अन्नातच असते. लोकांनी अडीच लिटर लक्षात ठेवले आणि पुढचे वाक्य गाळले, असा अनेकांचा अंदाज आहे. मूत्रपिंडाचा अभ्यास करणारे हाइन्झ व्हाल्टिन या अमेरिकी प्राध्यापकांनी 2002 साली जुने शोधनिबंध चाळून पाहिले. निरोगी माणसाने रोज आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत, याला आधार देणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पुस्तिकेतही सुमारे आठ ग्लास, दोन लिटर, असेच छापलेले आहे. पण तो निरोगी माणसासाठी सरासरी अंदाज आहे. अम्मींसारख्या रुग्णासाठी तो नाही आणि उन्हात राबणाऱ्या मजुरासाठीही नाही.

अन्नातल्या पाण्याचा विचार आपण करतच नाही. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. वरण, आमटी, सालन, दही यांत त्याहून जास्त. काकडी आणि कलिंगड तर जवळजवळ पाणीच. चपाती-भाकरीतही तिसरा हिस्सा असतो. चहाही मोजायचा. चहाने शरीर कोरडे पडते असे म्हणतात, पण रोज पिणाऱ्याच्या बाबतीत ते खरे नाही, दोन-तीन कपांतले पाणी शरीराला मिळतेच.

2022 साली जगभरातल्या शास्त्रज्ञांनी मिळून 26 देशांतल्या 5,604 माणसांच्या शरीरातून दिवसाला किती पाणी ये-जा करते ते मोजले. सर्वांत लहान बाळ आठ दिवसांचे होते, सर्वांत वयस्कर माणूस 96 वर्षांचा. विशीतल्या पुरुषांच्या शरीरातून सरासरी 4.2 लिटर पाणी रोज ये-जा करत होते आणि वय वाढेल तसा आकडा खाली येत होता. हे सगळे पाणी प्यावे लागते असे नाही, त्यात अन्नातले पाणी आले, अन्न पचताना शरीरात तयार होणारे आले, हवेतून मिळणारे थोडे आले. पण माणसामाणसांतला फरक इतका मोठा होता की सगळ्यांना एकच आकडा लागू करता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

तो फरक मला आमच्याच घरात दिसला. नणंदेचा मुलगा आमच्याकडे राहतो आणि चाकण एमआयडीसीत फोर्जिंगच्या शॉपमध्ये काम करतो. तापलेले लोखंड, वर हातोडा, समोर भट्टी. अम्मींच्या प्रकरणानंतर त्याने घाबरून पाणी कमी केले. म्हणाला, "मामी, जास्त पाण्याने नानींना असे झाले, मग मीही बेतानेच पितो." मला हसावे की रडावे कळेना. वर्गात मी त्रैराशिक शिकवते, म्हणून म्हटले, चल, तुझा हिशेब मांडू.

पहिल्या पाळीला जाण्याआधी लघवी करून, फक्त लुंगीवर, वजनकाट्यावर उभे राहायचे. परत आल्यावर घाम पुसून, तीच कोरडी लुंगी नेसून पुन्हा वजन. सकाळी भरले 68.4 किलो, दुपारी 67.1. म्हणजे 1.3 किलो कमी. एवढ्या तासांत चरबी झडत नाही, कमी झाले ते जवळजवळ सगळे पाणीच, आणि पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. पण मधल्या वेळात तो प्यायला आणि जेवलाही होता. दोन लिटरची बाटली संपवली, दोन कटिंग चहा म्हणजे 200 मिलिलिटर, कॅन्टीनचे जेवण अंदाजे अर्धा किलो. हे सगळे आत गेले 2.7 किलो. लघवी एकदाच, साधारण 300 मिलिलिटर. तर घामातून आणि श्वासातून गेले 1.3 अधिक 2.7 वजा 0.3, म्हणजे 3.7 लिटर. आठ तासांची पाळी धरली तर तासाला साडेचारशे मिलिलिटरपेक्षा थोडे जास्त.

म्हणजे दोन लिटर, तुमचे ते आठ ग्लास, पिऊनही तो वजनाच्या जवळजवळ दोन टक्के पाणी गमावून घरी आला होता. साधारण याच टप्प्यावर हात मंदावतात, डोके दुखते, लक्ष उडते. आणि हातोड्याजवळ लक्ष उडणे काय असते ते वेगळे सांगायला नको. त्याला विचारले, तहान नाही लागली? म्हणाला, लागते, पण मशीन सोडता येत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत एकदम बाटली तोंडाला लावतो.

आता तो दर वीस मिनिटांनी सात-आठ घोट घेतो, साधारण एक पेला, तहानेची वाट न पाहता. उष्ण जागी काम करणाऱ्यांना सल्ला असाच असतो, पंधरा-वीस मिनिटांनी सुमारे पाव लिटर. त्यालाही वरची मर्यादा आहे, तासाला दीड लिटरच्या पुढे जायचे नाही, कारण मूत्रपिंड तासाला एक लिटरच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकते. घामात मीठही जाते. ते त्याच्या जेवणातून आणि चिमूटभर मीठ घातलेल्या ताकातून भरून निघते. फक्त साधे पाणी ढोसत राहिले तर तरुणालाही धोका असतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यातल्या 13 टक्क्यांचे सोडियम कमी निघाले, आणि वाटेत खूप पाणी पिऊन वजन वाढवून घेतलेले धावपटू त्यात जास्त होते.

मग तहानेवर भरवसा ठेवायचा की नाही? बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाने खुशाल ठेवावा. मेंदूच्या तळाशी काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत चाखत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी वाढला की त्या व्हॅसोप्रेसिन नावाचा संप्रेरक सोडायला लावतात. त्याने मूत्रपिंड पाणी राखते, लघवी कमी आणि गडद होते. खारटपणा आणखी थोडा वाढला की तहान लागते. म्हणजे तहान लागली की उशीर झाला, हे वाक्य साफ चूक आहे. पाणी वाचवण्याचे काम आधीच सुरू झालेले असते. पाणी प्यायल्यावर ते रक्तात पोहोचायला दहा-वीस मिनिटे लागतात, तरी तहान दोन-तीन मिनिटांतच भागते, कारण तोंड आणि घसा मेंदूला आगाऊ निरोप देतात. म्हणून आपण गरजेपेक्षा फारसे जास्त पीत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली आणखी एक गोष्ट दाखवली. तहान नसताना पाणी पाजत गेले की गिळायला लागणारे कष्ट जवळजवळ तिपटीने वाढतात, शरीर घशाशीच अडवते. हे वाचले आणि मला अम्मींचे शब्द आठवले, घशाखाली उतरत नाही ग.

मात्र म्हातारपणी तहानेचा हा इशारा मंदावतो, हेही खरे. 1984 साली इंग्लंडमध्ये 67 ते 75 वर्षांच्या निरोगी पुरुषांना आणि विशीतल्या तरुणांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवले होते. रक्त ज्येष्ठांचे जास्त खारट झाले, तरी तहान लागल्याचे त्यांनी कमी सांगितले आणि नंतर पाणीही कमी प्यायले. म्हणून म्हाताऱ्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी सांभाळावे लागते. युरोपातल्या आहारतज्ज्ञांचा सल्ला आहे की ज्येष्ठ स्त्रियांनी दिवसभरात निदान 1.6 लिटर आणि पुरुषांनी 2 लिटर पेये घ्यावीत, त्यात चहा, दूध, ताक सगळे आले. हृदय कमजोर असलेल्याला, मूत्रपिंड निकामी असलेल्याला आणि अम्मींसारख्याला हा आकडा लागू नाही, त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील. उलट मूतखडा होऊन गेलेल्याला इतके प्यावे लागते की दिवसाची लघवी अडीच लिटर भरेल. बाळाला पाजणारी आई दुधातूनच रोज पाऊण लिटर देते, तेवढे तिला जास्त लागते. बाळ पाजायला घेतले की तिला तहान लागते, त्या वेळी तांब्या हाताशी असावा.

तहानेला खोटे पाडणाऱ्या आम्ही शिक्षिकाही आहोत. शाळेत स्वच्छतागृहाची सोय धड नसली की आम्ही सकाळपासून पाणीच टाळतो. हळूहळू तहान जाणवेनाशी होते, आणि संध्याकाळी डोके ठणकते. मला दोनदा लघवीच्या जागेचा संसर्ग होऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की लघवी रोखून धरू नका आणि रोज दीड लिटर पाणी वाढवा.

रमजानचे विचारतील म्हणून तेही सांगते. पुण्याकडे मार्चमध्ये रोजा साधारण तेरा-साडेतेरा तासांचा असतो. सहरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत चार-पाच ग्लास पाणी रिचवणारे आमच्या घरातही आहेत. त्या पाण्याची साठवण होत नाही. रक्त थोडे पातळ झाले की व्हॅसोप्रेसिन थांबते आणि पुढच्या दीड-दोन तासांत बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते. तेच पाणी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे प्यायले आणि सहरीला दही, डाळ, भात अशा ओलसर जेवणाबरोबर घेतले तर जास्त टिकते. खूप खारट लोणचे आणि पापड सहरीला टाळावेत, त्यांनी तहान लवकर लागते. असरच्या सुमारास तहान लागणे, लघवी थोडी आणि गडद होणे यात निरोगी माणसाने घाबरण्यासारखे काही नाही, शरीर पाणी राखते आहे. उभे राहताच चक्कर येणे, आठ तासांत लघवीच न होणे, बोलण्यात गोंधळ होणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. भट्टीवरच्या कामात तर अशी वेळ आल्यास रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

लघवीचा रंग पाहावा असे सगळे सांगतात. पाहावाच, पण सकाळची पहिली लघवी धरू नये, ती रात्रभराची असते आणि गडदच असते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तर रंग हळदीसारखा होतो, त्याचा पाण्याशी संबंध नाही. दुपारी फिकट पिवळा असला की पुरे. पाण्यासारखी पांढरी करण्याचा हट्ट नको. तोंड कोरडे पडणे म्हणजे तहानच असे नाही, सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकते. आणि पाणी पिऊनही तहान जात नसेल, रात्री चार-चार वेळा उठावे लागत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

फ्रिजवरचा तक्ता मी काढून टाकला. अम्मींना डॉक्टरांनी सध्या दिवसाला दीड लिटर सांगितले आहे, चहा आणि शोरबा धरून. त्यांच्या दीड लिटरच्या जगला मी बाहेरून चिकटपट्टी लावली आहे. चहा घेतला की तेवढे पाणी जगातून ओतून कुंडीत टाकायचे, उरलेले दिवसभर तहानेप्रमाणे प्यायचे. परवा त्यांनी मला विचारले, "आज तुळशीला पाणी माझ्या वाटणीचे का ग?" मी म्हटले, पुदिन्याला, अम्मी, आपल्याकडे पुदिना आहे. त्या हसल्या. मला क्षणभर पुन्हा धस्स झाले होते, पण त्या मुद्दामच म्हणाल्या होत्या. सोडियम 138 आहे, मागच्याच आठवड्यात तपासले.